गरोदरपणातली मळमळ आणि आल्याचा चहा: किती घ्यायचा, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर काय करायचं

गरोदरपणाच्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू होते. नवव्या आठवड्याच्या सुमारास ती सगळ्यात जास्त असते आणि चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेकींची ओसरते. या काळात गोळी घ्यायला मन धजत नाही, म्हणून हात आपोआप आल्याकडे जातो. त्यात चूक काही नाही. गरोदर बायकांवर झालेल्या चाचण्यांमध्ये आल्याने मळमळ थोडी कमी झाल्याचं दिसलं आहे. उलट्यांवर मात्र त्याचा गुण तेवढा ठामपणे दिसलेला नाही. त्यामुळे दिवसभर पोटात ढवळत असेल तर आलं कामाला येऊ शकतं, पण खाल्लेला प्रत्येक घास बाहेर पडत असेल तर आल्यावर विसंबून राहू नये.

गडबड होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे आलं स्वयंपाकघरातलं असल्यामुळे ते कुणी मोजत नाही. दुसरं, रक्त पातळ करणारं औषध चालू असतं आणि आल्याबद्दल डॉक्टरांना सांगायला हवं हे सुचतच नाही, कारण चहा कुणी औषधात धरत नाही. पुढच्या पायऱ्या या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

पायरी १: पातेलं ठेवण्याआधी औषधं टेबलावर काढा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते पहिलं करायचं. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, इंजेक्शनं, पूरक गोळ्या एकत्र मांडा आणि त्यांची नावं वाचा. पुढच्यापैकी एखादं नाव दिसलं तर आल्याचा उपाय म्हणून वापर करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं आहे: वॉरफरिन किंवा असेनोकूमारॉल, एनोक्सापॅरिन, डाल्टेपॅरिन किंवा साधं हेपॅरिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान. खोक्यावर बहुतेक वेळा कंपनीने दिलेलं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि औषधाचं खरं नाव खाली बारीक अक्षरात. आपल्याला ते बारीक अक्षरातलं नाव वाचायचं आहे.

यातल्या दोन गोष्टी आल्याची वाट पाहत थांबणाऱ्या नाहीत. वॉरफरिन साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या वाढीत दोष निर्माण करू शकतं, म्हणून बहुतेक बायकांना या काळात हेपॅरिनच्या इंजेक्शनवर आणलं जातं. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल तर गणित वेगळं असतं आणि ते हृदयरोगतज्ज्ञच मांडतात. रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान ही औषधंही गरोदरपणात वापरत नाहीत. तेव्हा यातलं काही चालू असताना दिवस राहिल्याचं कळलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. मात्र औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही. गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. अशा वेळी औषधाशिवाय काढलेले दोन-तीन दिवस आल्याच्या कितीही कपांपेक्षा जास्त धोक्याचे ठरू शकतात.

अ‍ॅस्पिरिनबद्दल एक वेगळी सूचना. रक्तदाबाचा त्रास टळावा म्हणून काही जणींना ७५ ते १५० मिलिग्रॅमची रोजची छोटी गोळी साधारण बाराव्या आठवड्यानंतर सुरू करतात. म्हणजे मळमळीचं शेपूट आणि अ‍ॅस्पिरिनची सुरुवात एकमेकांवर येतात. आठव्या आठवड्यात ‘माझं काहीच चालू नाही’ म्हणून आलं सुरू केलेलं असतं आणि तेराव्या आठवड्यात यादी बदललेली असते. नवीन गोळी हातात आली की ही पायरी पुन्हा करा.

कुठलंच औषध नसलं, तरी स्वतःला आणखी तीन प्रश्न विचारा. या गरोदरपणात रक्तस्राव किंवा डाग दिसले आहेत का? रक्त न थांबण्याचा आजार किंवा प्लेटलेट कमी असल्याचं निदान आहे का? पित्ताशयात खडे आहेत का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तरी आधी विचारायचं.

पायरी २: आलं मोजायला शिका

चाचण्यांमध्ये बहुतेक ठिकाणी वाळलेल्या आल्याची पूड, म्हणजे सुंठ, दिवसाला १ ग्रॅम या प्रमाणात दिली गेली. तीही एकदम दिलेली नाही, २५० मिलिग्रॅम चार वेळा अशी विभागून. काही दिवसांपासून ते तीनेक आठवड्यांपर्यंत असं प्रमाण दिलं गेलं. त्यामुळे गरोदरपणात उपाय म्हणून घेताना आपली दिवसाची मर्यादा १ ग्रॅम सुंठ, किंवा तेवढ्या मानाचं ओलं आलं. गरोदर नसलेल्यांसाठी चार ग्रॅमपर्यंतचे आकडे वाचायला मिळतात, ते इथे लावायचे नाहीत.

ओल्या आल्यात सुमारे ऐंशी टक्के पाणीच असतं. म्हणून १ ग्रॅम सुंठ म्हणजे साधारण ४ ते ५ ग्रॅम ओलं आलं, असा हिशोब धरायचा. चमच्याचं माप मात्र दगा देतं. किसलेलं आलं चमच्यात सैल पडलंय की दाबून भरलंय यावर वजन दुपटीने बदलतं. ‘बोटभर तुकडा’, ‘छोटं पेर’ ही मापं तर कुणाच्या बोटाची, हेच ठरलेलं नाही. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर एकदाच वजन करून पाहा: अडीच सेंटीमीटर व्यासाची, तीन-चार मिलिमीटर जाडीची चकती सुमारे २ ग्रॅम भरते. एकदा डोळा बसला की काटा पुन्हा काढावा लागत नाही. म्हणून मी किसण्यापेक्षा चकत्या कापायला सांगते. दोन चकत्या म्हणजे चार ग्रॅम, दिवसाचा कोटा जवळपास पूर्ण. सुंठ वापरायची तर चहाच्या चमच्याने सपाट अर्धा चमचा म्हणजे सुमारे १ ग्रॅम. पण तो दिवसभराचा आहे, एका कपाचा नाही.

आता इथे जाणकार लगेच म्हणतील की चकत्या उकळल्या तरी त्यातलं सगळंच पाण्यात उतरत नाही, बराच भाग चोथ्यात राहतो. बरोबर आहे. गाळलेल्या चहातून तेवढं आलं पोटात जात नाही. पण किती उतरलं हे घरात मोजता येत नाही, म्हणून जेवढं पातेल्यात टाकलं तेवढं सगळं घेतलं असं धरायचं. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

हिशोबात चहाखेरीज बाकीचंही आलं धरायचं. साखरेत पाकवलेले तुकडे, आल्याच्या चघळायच्या गोळ्या, बिस्किटं, आणि सगळ्यात जास्त गफलत करणाऱ्या कॅप्सूल. एका कॅप्सूलमध्ये २५० पासून ५०० मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहून जास्त पूड असू शकते. खोक्यावर पुडीऐवजी ‘अर्क’ लिहिलं असेल तर ते आणखी अवघड, कारण अर्काचा १ ग्रॅम आणि पुडीचा १ ग्रॅम सारखा नसतो. गरोदरपणात अर्काच्या कॅप्सूल स्वतःहून घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चहा जास्त झाला तर जीभ आणि घसा तक्रार करतात. कॅप्सूल मात्र निमूटपणे उतरते. रोजच्या भाजी-आमटीत पडणारं थोडं आलं मोजत बसायची गरज नाही. आल्याच्या नावाने मिळणाऱ्या फसफसणाऱ्या पेयांमध्ये अनेकदा आलं नावालाच असतं आणि साखर भरपूर, त्यामुळे ती उपाय म्हणून धरू नका. आल्याचं सुगंधी तेल पोटात घ्यायचं नाही, एक थेंबही नाही.

या प्रमाणात आलं कितपत सुरक्षित आहे? नॉर्वेमध्ये सुमारे ६८ हजार गरोदर बायकांच्या नोंदींचा अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हजाराहून थोड्या जास्त बायकांनी गरोदरपणात आलं वापरलं होतं. त्यांच्या बाळांमध्ये जन्मजात दोष वाढलेले दिसले नाहीत. पण सतराव्या आठवड्यानंतर योनीमार्गे रक्त जाण्याचं प्रमाण आलं घेणाऱ्यांमध्ये किंचित जास्त आढळलं. आल्यानेच ते झालं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण ‘घरचंच आहे, कितीही घ्या’ असं म्हणण्यालाही ते मोकळीक देत नाही. देशोदेशीच्या सल्ल्यांतही फरक आहे. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मळमळीसाठी आलं हा एक पर्याय मानते, तर फिनलंडची अन्नसुरक्षा यंत्रणा गरोदर बायकांना आल्याचा चहा आणि पूरक गोळ्या टाळायलाच सांगते. या दोन टोकांच्या मध्ये १ ग्रॅमची मर्यादा हा शहाणपणाचा रस्ता वाटतो.

पायरी ३: एक कप कसा करायचा

आल्याची एक चकती, म्हणजे २ ग्रॅम, धुऊन साल खरवडून घ्या आणि तिचे तीन-चार बारीक काप करा. २०० मिलिलिटर पाण्याला उकळी आली की गॅस बंद करा, काप टाका, झाकण ठेवा आणि सात ते दहा मिनिटं तसंच राहू द्या. मग गाळा. झाकण महत्त्वाचं आहे, कारण वास त्या वाफेतून निघून जातो आणि बऱ्याच जणींना सुरुवातीचा दिलासा त्या वासानेच मिळतो. ज्यांना उलट वासानेच उमासे येतात त्यांनी झाकण लांबून, खिडकीपाशी काढावं किंवा दुसऱ्याला काढायला सांगावं.

खळाखळा वीस मिनिटं उकळू नका. आल्यातला मुख्य तिखट घटक म्हणजे जिंजेरॉल. उष्णतेने आणि वाळवल्याने त्यातल्या काहीचं शोगाओल होतं, आणि ते आणखी तिखट असतं. म्हणूनच सुंठ घशाला जास्त झोंबते. गरोदरपणात अन्ननलिकेच्या खालचा दरवाजा आधीच ढिला झालेला असतो, त्यात हे कडक पाणी गेलं की छातीत जळजळ ठरलेली. आणि अशी जळजळ स्वतःच मळमळ वाढवते. चहा प्यायल्यावर तासाभरात छातीत आग होत असेल, आंबट पाणी वर येत असेल, तर आल्याचं प्रमाण निम्मं करा. तरीही तेच होत असेल तर आलं तुम्हाला मानवत नाही, सोडून द्या.

यात चहापत्ती घालायची का? शक्यतो नको. गरोदरपणात कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, आणि चहापत्तीच्या एका कपात त्यातला चांगलाच वाटा निघून जातो. शिवाय चहापत्तीमुळे लोह शरीरात कमी शोषलं जातं. चहाची तलफ असेल तर तो कप वेगळा ठेवा, आणि लोहाच्या गोळीपासून निदान तासभर लांब. गोडीसाठी थोडी साखर किंवा मध चालतो, रक्तातली साखर वाढलेली असेल तर तोही नको.

पायरी ४: कधी आणि कसा प्यायचा

रिकाम्या पोटी उठल्या उठल्या आल्याचा कप ही सगळ्यात जास्त दिली जाणारी सूचना आहे, आणि मला ती पटत नाही. आधी काहीतरी कोरडं, साधं, दोन घास खा. पंधरा-वीस मिनिटं बसा. मग कोमट किंवा चक्क गार केलेला आल्याचा चहा एकेक घोट घ्या. गरम पेयाची वाफ नाकात जाते आणि कित्येकींना तीच नको होते, गार पेय पोटात टिकतं. पूर्ण कप अर्ध्या-पाऊण तासात संपला तरी हरकत नाही. गटागट प्यायला तर पोट ताणून तो जसाच्या तसा परत येण्याची शक्यता जास्त. जेवणासोबत न घेता दोन खाण्यांच्या मध्ये घ्या.

दुसरा कप दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेच्या अर्धा तास आधी ठेवा. मळमळ नुसती सकाळी होते हा गैरसमज आहे. अनेकींची संध्याकाळच जड जाते. असे दोन कप, प्रत्येकी २ ग्रॅमचे, म्हणजे ४ ग्रॅम ओलं आलं. तिसरा कप हवा असेल तर चकत्या अर्ध्या करा, दिवसाचं एकूण ५ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका.

गुण येतोय की नाही हे ठरवायला वही लागते. रोज झोपताना तीन आकडे लिहा: आज किती तास मळमळत होतं, किती वेळा उलटी झाली, किती वेळा नुसते कोरडे उमासे आले. डॉक्टरही हीच तीन विचारणा करून त्रासाला गुण देतात. आलं सुरू करण्याच्या आदल्या दिवसाचे आकडे आणि चौथ्या दिवसाचे आकडे शेजारी ठेवा. मळमळीचे तास सहावरून तीनवर आले असतील तर चालू ठेवा. काहीच हललं नसेल तर प्रमाण वाढवत नेऊ नका. तिथे आल्याचा विषय संपतो आणि डॉक्टरांकडे जायची वेळ येते. त्यांच्याकडे ‘बी सहा’ जीवनसत्त्व म्हणजे पायरिडॉक्सिन, आणि गरज पडली तर त्याच्यासोबत डॉक्सिलामाइन, अशी गरोदरपणात खूप वर्षं वापरात असलेली औषधं आहेत. ती घेणं म्हणजे हार मानणं असं समजू नका.

पायरी ५: रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर

आधी थोडं समजून घेऊ. जखम झाल्यावर रक्त दोन टप्प्यांत थांबतं. आधी प्लेटलेट नावाच्या बारीक पेशी भोकापाशी गोळा होऊन चिकटतात, मग रक्तातली गोठवणारी प्रथिनं त्यांच्यावर घट्ट जाळं विणतात. भिंतीचं भगदाड बुजवताना आधी विटा रचाव्यात आणि मग सिमेंट भरावं, तसं. वॉरफरिन आणि हेपॅरिन सिमेंटवर काम करतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल विटांवर. आल्यातले जिंजेरॉल आणि शोगाओल प्रयोगशाळेत प्लेटलेटचं चिकटणं कमी करतात, म्हणजे त्यांचाही रोख विटांवर आहे. हेपॅरिनने सिमेंट पातळ केलं आणि आल्याने विटा सैल केल्या, तर दोन्ही बाजूंनी एकदम ढिलाई होऊ शकते. अ‍ॅस्पिरिनसोबत एकाच बाजूला दोनदा.

माणसांमध्ये हे किती घडतं याबद्दल पुरावा एकसारखा नाही. निरोगी पुरुषांवरच्या एका छोट्या अभ्यासात आल्याने वॉरफरिनच्या परिणामात फरक पडला नाही. उलट, वॉरफरिनच्याच जातीचं औषध घेणाऱ्या वयस्कर रुग्णाने भरपूर आलं घेतल्यावर रक्त धोकादायक पातळ झाल्याचीही नोंद आहे. दोन्हीपैकी कुणीच गरोदर नव्हतं. म्हणून इथला नियम सरळ आहे: स्वयंपाकातलं आलं चालू द्या, पण उपाय म्हणून रोजचे कप किंवा कॅप्सूल डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट तपासणीची आहे. ‘माझा आयएनआर नीट आहे, म्हणजे आलं चालतंय’ असं अनेकींना वाटतं. आयएनआर ही वॉरफरिनची तपासणी आहे, तिच्यात प्लेटलेटचं काम दिसत नाही. एनोक्सापॅरिनचा परिणामही आयएनआरमध्ये दिसत नाही, त्यासाठी लागलीच तर वेगळी तपासणी करतात. नेहमीच्या रक्ततपासणीत प्लेटलेटची संख्या येते, पण त्या नीट चिकटतात की नाही हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यामुळे सगळे रिपोर्ट नीट आले तरी आल्याचा परिणाम होत नाही, असा त्याचा अर्थ निघत नाही. अंगावरच्या खुणांकडेच लक्ष ठेवावं लागतं.

दुसरी गोष्ट कुणी फारशी सांगत नाही: मळमळ स्वतःच या औषधांचं गणित बिघडवते. वॉरफरिन घेणारीने चार दिवस नीट खाल्लं नाही की तिच्या पोटात जाणारं ‘के’ जीवनसत्त्व घटतं आणि तीच गोळी जास्त जोराने काम करते. आणि गोळी घेऊन अर्ध्या तासात उलटी झाली तर ती पोटात गेली की बाहेर पडली हेच कळत नाही. अशा वेळी दुसरी गोळी स्वतःहून घ्यायची नाही, विचारायचं. एनोक्सापॅरिन कातडीखाली टोचतात, त्यामुळे उलटीने ते वाया जात नाही. पण ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. खूप उलट्यांनी शरीरातलं पाणी आटलं आणि मूत्रपिंडांचं काम मंदावलं, तर औषध अंगात साठू शकतं. त्याच वेळी पाणी आटल्याने आणि अंथरुणाला खिळल्याने पायात गुठळी होण्याची भीतीही वाढते. म्हणून हे औषध घेणारीने ‘थोड्या उलट्या काय, सगळ्यांनाच होतात’ म्हणून दिवस काढू नयेत.

डॉक्टरांना फोन केल्यावर काय सांगायचं? ‘आलं चाललं का?’ एवढं विचारलं तर बहुधा ‘थोडं चालेल’ असं उत्तर येतं, आणि थोडं म्हणजे किती हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यापेक्षा असं म्हणा: ‘डॉक्टर, मला आठवा आठवडा चालू आहे, एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज एकदा घेते. मळमळीसाठी ओलं आलं दिवसाला ४ ग्रॅम, दोन कपांत विभागून घ्यायचा विचार आहे. रक्तस्राव नाही, नवीन डाग नाहीत. घेऊ का?’ या प्रश्नाला त्यांना हो किंवा नाही म्हणता येतं.

एक हिशोब करून पाहू

समजा, एका बाईला पूर्वी पायाच्या शिरेत गुठळी झाली होती, म्हणून गरोदरपणात एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज चालू आहे. वजन ६० किलो, आठवा आठवडा. तिला विचारलं तर ती म्हणते, ‘आलं ना? दोन-तीन कप घेते, बाकी काही नाही.’

खोलात गेल्यावर असं निघतं. सकाळी ती अंगठ्याएवढा तुकडा किसून मोठ्या थर्मासमध्ये टाकते आणि तेच पाणी दिवसभर पुरवते. तो तुकडा काट्यावर ठेवला तर १४ ग्रॅम भरतो, म्हणजे सुंठेच्या मानाने जवळपास ३ ग्रॅम. थर्मासमध्ये कीस दिवसभर पडून असल्याने शेवटचा कप सगळ्यात कडक. मैत्रिणीने दिलेल्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ एकेक, ५०० मिलिग्रॅमच्या. हा झाला आणखी १ ग्रॅम. शिवाय प्रवासात चघळायला पाकातलं आलं. एकूण ४ ग्रॅमच्या वर, म्हणजे मर्यादेच्या चौपट. आणि यातली एकही गोष्ट तिला जास्त वाटत नव्हती.

दोन-तीन दिवसांपासून तिच्या अंगावर निळे डाग आहेत. पोटावर इंजेक्शनच्या जागी छोटे डाग पडणं या औषधात नेहमीचं आहे, त्याची काळजी नको. पण तिला मांडीवर आणि दंडावर, काही लागल्याचं आठवत नसताना डाग दिसतात, आणि दात घासताना ब्रश गुलाबी होतो. गरोदरपणात हिरड्या तशाही नाजूक होतात, त्यामुळे नुसत्या ब्रशवरून घाबरू नये. मात्र दोन्ही एकत्र आल्यावर थांबायचं. इंजेक्शन चालू ठेवायचं आणि आलं त्याच दिवशी बंद करायचं.

ती फोन करते. डॉक्टर रक्ततपासणी सांगतात, त्यात प्लेटलेटची संख्या मुद्दाम बघतात, कारण हेपॅरिनच्या औषधांनी क्वचित ती घसरू शकते आणि मग डागांचं कारण आलं नसून ते असतं. संख्या ठीक येते. कॅप्सूल आणि पाकातलं आलं कायमचं बंद, मळमळीसाठी पायरिडॉक्सिन सुरू. आठवड्याने नवीन डाग थांबलेले दिसल्यावर डॉक्टर तिला दिवसाला २ ग्रॅमचा एकच कप घ्यायची मुभा देतात. दुसऱ्या एखादीला पूर्ण मात्रेचं इंजेक्शन चालू असेल किंवा हृदयात धातूची झडप असेल, तर तेच डॉक्टर एकही कप नको म्हणतील. तिने या बाईचं प्रमाण उचलून वापरायचं नाही.

पायरी ६: कधी थांबायचं आणि कधी निघायचं

आलं बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, जर: न लागता निळे डाग पडत असतील, हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, लघवी तांबूस किंवा तपकिरी दिसत असेल, किंवा योनीमार्गे डाग दिसला असेल. नाकातून रक्त येत असेल तर पुढे वाकून नाकपुड्या दहा मिनिटं चिमटीत धरा. तेवढ्याने थांबलं नाही तर दवाखाना गाठा. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, रक्तस्राव वाढत गेला, पोटात किंवा डोक्यात अचानक तीव्र दुखू लागलं, तर वाट न पाहता थेट रुग्णालय.

काळ्या शौचाने मात्र बऱ्याच जणी उगाच हादरतात. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग हिरवट-काळा होतो, पण तो नेहमीसारखा घट्ट असतो. पोटातल्या रक्तस्रावाने होणारा काळा रंग डांबरासारखा चिकट, चकचकीत आणि उग्र दुर्गंधीचा असतो. हा दुसरा प्रकार दिसला तर लगेच निघायचं.

मळमळीच्या बाजूनेही सीमा आहेत. पाण्याचा घोटही दिवसभर टिकत नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी आहे, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा वजन गरोदरपणाआधीच्या पाच टक्क्यांहून जास्त उतरलं आहे, म्हणजे साठ किलोच्या बाईचं तीन किलो, तर शिरेवाटे पाणी आणि औषध लागू शकतं. ताप, पोटदुखी, लघवीला जळजळ सोबत असेल तर ही मळमळ नुसती गरोदरपणाची नसेल. नवव्या आठवड्यापर्यंत काहीच नसून नंतर पहिल्यांदा उलट्या सुरू झाल्या, तरीही दुसरं कारण शोधावं लागतं.

चौदाव्या-पंधराव्या आठवड्यात मळमळ उतरली की एक दिवस कप चुकवून पाहा. त्रास परतला नाही तर बंद करा, सवय म्हणून ओढत नेऊ नका. त्या नॉर्वेच्या अभ्यासातला फरक सतराव्या आठवड्यानंतरचा होता, हे लक्षात असू द्या. आणि दात काढणं असो, गर्भजलाची सुईने तपासणी असो की कुठलीही छोटी-मोठी शस्त्रक्रिया, आधीच्या भेटीत औषधांच्या यादीखाली एक ओळ स्वतः लिहा: ‘ओलं आलं, रोज अमुक ग्रॅम, अमुक तारखेपासून.’ आलं किती दिवस आधी बंद करायचं ते त्या ओळीवरून डॉक्टरच सांगतील.